नगामागे किती सुटतं यावर नाही, तासामागे किती सुटतं यावर ठरवा

प्रश्न: माझं लाकडी वस्तूंचं छोटं वर्कशॉप आहे, तीसेक प्रकार विकतो. प्रत्येक वस्तूचं कॉन्ट्रिब्युशन मार्जिन काढून यादी केली आहे. यादीत जी वस्तू वर आहे तिच्यावरच जोर द्यायचा ना?

मी छोट्या वर्कशॉपना कॉस्टिंग करून देतो, म्हणून अनुभवाने सांगतो: ऑर्डरी भरपूर असतील आणि काम उरकत नसेल, तर नाही. नगामागचं कॉन्ट्रिब्युशनही बघू नका आणि टक्केवारीही बघू नका. वर्कशॉपमध्ये काम जिथे तुंबतं, तिथल्या एका मिनिटात कोणती वस्तू किती पैसे सोडते ते बघा.

आधी मूळ आकडा, म्हणजे नगामागचं कॉन्ट्रिब्युशन, नीट आहे ना, ते तपासून घ्या. एक नग जास्त विकल्यावर जो खर्च खरोखर वाढतो, तेवढाच विक्री किमतीतून वजा करायचा: लाकूड, खिळे-स्क्रू, गोंद, पॉलिश, पॅकिंग, पोचवण्याचं भाडं, विक्रीवरचं कमिशन आणि नगावर मजुरी देत असाल तर ती. ग्राहकाकडून घेऊन पुढे भरायचा कर किमतीत धरू नका. जागेचं भाडं, महिन्याच्या पगारावरची माणसं, मशीनचा हप्ता यांना हात लावायचा नाही. हे खर्च नगांवर वाटले की आकडा दर महिन्याला उत्पादनाप्रमाणे हलतो आणि चांगली वस्तूही तोट्यात दिसायला लागते. लाकूड मात्र वस्तूत उरलेलं नव्हे, त्या वस्तूसाठी विकत आणलेलं धरा. करवतीखाली आणि रंध्याखाली जे जातं त्याचेही पैसे तुम्ही मोजलेले असतात.

आता चार वस्तू घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेत, पण चित्र असंच निघतं.

स्टूल २४०० ला विकता. लाकूड ८२०, स्क्रू-गोंद ४०, पॉलिश १२०, पॅकिंग ९०, पोचवण्याचं भाडं १८०, कमिशन १० टक्के म्हणजे २४०. एकूण बदलता खर्च १४९०, सुटले ९१०. याच हिशेबाने झाकणाची पेटी १५०० ला विकून ७२० सोडते, ट्रे ९०० ला विकून ३८० आणि चॉपिंग बोर्ड ३५० ला विकून १९०. नगामागे बघितलं तर स्टूल पहिला आणि बोर्ड शेवटचा. टक्केवारीने बघितलं तर बोर्ड ५४ टक्क्यांवर पहिला आणि स्टूल ३८ वर शेवटचा. पेटी दोन्ही याद्यांत दुसरी, म्हणून मालकाला ती हमखास आवडते.

आता बघा काम कुठे तुंबतं. लाकूडकामात ते पुष्कळदा घासाई-पॉलिशपाशी तुंबतं, कारण कापाई मशीनवर झटपट होते आणि पॉलिशवाला हात एकच असतो. ओळखायची खूण साधी आहे. आठवडाभर रोज संध्याकाळी कोणत्या टेबलासमोर अर्धवट माल रचून पडलाय ते बघा, आणि कोणता माणूस सुट्टीवर गेला की त्या दिवशीची पाठवणी थांबते ते बघा. दोन्हीचं उत्तर एकच आलं तर जागा सापडली.

मग त्या जागेवर प्रत्येक वस्तूला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा. पाच-दहा नगांची पूर्ण खेप मोजून सरासरी काढा, कारण ब्रश धुणं, डबा बदलणं हा वेळही तिथलाच आहे. वाळायला लागणारा वेळ धरायचा नाही. त्या वेळात हात दुसऱ्या नगावर चालतो. फक्त वाळवायचे रॅकच कमी पडत असतील, तर अडचण रॅकची आहे आणि मग मिनिटांऐवजी नग रॅकवर किती जागा किती तास अडवतो ते मोजावं लागेल.

समजा पॉलिशला स्टूल ६५ मिनिटं खातो, ट्रे २०, आणि बोर्डाला नुसतं तेल लागतं म्हणून ५. पेटीला कोपरे, आतली बाजू, झाकणाची कड मिळून ८० मिनिटं जातात. भागाकार करा: बोर्ड मिनिटाला ३८ सोडतो, ट्रे १९, स्टूल १४ आणि पेटी फक्त ९. दोन्ही याद्यांत दुसरी आलेली पेटी इथे तळाला गेली.

महिन्याला पॉलिशची ९००० मिनिटं हातात आहेत आणि मागणी बोर्ड १२०, ट्रे १५०, स्टूल ८०, पेटी ४० अशी आहे असं धरू. नगामागच्या यादीने गेलात तर ८० स्टूल आणि ४० पेट्यांतच ८४०० मिनिटं संपतात, उरलेल्यात ३० ट्रे होतात, बोर्ड एकही नाही. एकूण कॉन्ट्रिब्युशन १,१३,०००. मिनिटाच्या यादीने गेलात तर सगळे बोर्ड, सगळे ट्रे, सगळे स्टूल होतात आणि वर दोन पेट्या. एकूण १,५४,०४०. माणसं तीच, जागेचं भाडं तेच, तास तेच, म्हणून वरचे ४१,०४० थेट नफ्यात उतरतात.

पण म्हणून पेटी लगेच बंद करू नका. ती स्टुलाच्या बरोबरीला यायला ८० मिनिटांचे १४ प्रमाणे ११२० सुटायला हवेत, म्हणजे ४०० जास्त. कमिशन धरून किंमत साधारण १९५० करावी लागेल. एवढी किंमत आधी थोड्या ग्राहकांना सांगून बघा. किंवा आतल्या बाजूचं पॉलिश काढून टाकून वेळ ५१ मिनिटांवर आणता येतो का ते पॉलिशवाल्यालाच विचारा. कुठली मिनिटं वाचतील हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. पेटी घेणारे सोबत ट्रेही घेत असतील, तर दोघांचा हिशेब एकत्र करा.

बोर्डाबाबत एक सावधगिरी. ते स्टुलाच्या उरलेल्या तुकड्यांतून होत असतील आणि म्हणून तुम्ही लाकूड जवळपास फुकट धरलं असेल, तर तुकडे संपेपर्यंतच तो आकडा खरा आहे. बोर्डांवर जोर दिला की नवीन लाकूड आणावं लागतं, आणि तिथून पुढच्या नगांचं कॉन्ट्रिब्युशन वेगळं काढायचं.

वस्तूंचं प्रमाण बदललं की तुंबण्याची जागाही सरकते. दीडशे ट्रे म्हणजे कापाईचे बरेच छोटे तुकडे, त्यामुळे ढीग पॉलिशपुढून हलून करवतीपुढे दिसू लागला, तर जुनी यादी निकामी झाली. करवतीची मिनिटं मोजा आणि भागाकार पुन्हा करा.

आणि ऑर्डरीच कमी असतील, पॉलिशवाला दुपारनंतर मोकळा बसत असेल, तर यातलं काहीच लागू नाही. तेव्हा वेळ फुकट आहे, अडचण ग्राहकांची आहे. अशा महिन्यात पेटीचे ७२० बोर्डाच्या १९० पेक्षा चांगलेच, आणि एका ग्राहकाकडून जास्तीत जास्त सोडणारी वस्तू पुढे ठेवायची.