दाढ काढण्याआधी अँटिबायोटिक: आईला हवं, बाबांना नको

"आईची हृदयाची झडप सहा वर्षांपूर्वी बदलली आहे. लहानपणी रूमॅटिक ताप आला होता, म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शनही चालू आहे. बाबांना स्टेंट आहे. दोघांचीही दाढ काढायची आहे आणि दोघांनाही ५ दिवसांचं अमॉक्सिसिलिन लिहून दिलंय. खरंच लागतं का?"

मी दंतवैद्य आहे. बाबांना स्टेंटसाठी अँटिबायोटिक लागत नाही. दाढेला पू होऊन सूज किंवा ताप असेल तर गोष्ट वेगळी, पण ते औषध दाढेचं झालं, हृदयाचं नाही. बायपास झालेल्यांना किंवा पेसमेकरवाल्यांनाही हेच लागू.

आईला मात्र हवंच. दाढ काढताना हिरडीतले जंतू थोडा वेळ रक्तात जातात. एरवी शरीर त्यांना लवकरच संपवतं, पण कृत्रिम झडपेला ते चिकटून बसले तर एंडोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या आतल्या अस्तराचा आणि झडपांचा जंतुसंसर्ग होतो. त्यात झडप पुन्हा बदलावी लागू शकते, जीवही जाऊ शकतो.

खरं तर हेच जंतू दात घासताना आणि जेवतानाही रक्तात जातात. म्हणून २००७ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने असं अँटिबायोटिक कोणाला द्यायचं याची यादी खूप छोटी केली: मुख्यतः कृत्रिम झडप असलेले, आधी एंडोकार्डायटिस होऊन गेलेले आणि जन्मजात हृदयदोषाचे काही ठरावीक रुग्ण. रूमॅटिक तापाने झडप खराब झाली आहे पण बदललेली नाही, असे रुग्ण आपल्याकडे पुष्कळ आहेत. ते या यादीत नाहीत.

आता औषध कोणतं. एरवी अमॉक्सिसिलिन २ ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार कॅप्सूल एकदम देतात. पण आई वर्षानुवर्षं पेनिसिलिन घेतेय, त्यामुळे तिच्या तोंडातले जंतू त्या गटाला दाद न देणारे झालेले असू शकतात. अशा वेळी दुसऱ्या गटातलं औषध निवडतात: अझिथ्रोमायसिन ५०० मिलिग्रॅम किंवा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम. दाढ काढण्याआधी ३० ते ६० मिनिटं, एकच डोस. जंतू रक्तात शिरतात त्या वेळी औषध रक्तात हवं. पुढचे चार दिवस त्यात काही भर घालत नाहीत, उलट जुलाब मात्र होऊ शकतात. आधी घ्यायचं राहूनच गेलं तर दाढ काढल्यावर २ तासांच्या आत घेता येतं.

दोन्हींपैकी कोणतं, हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, कारण आई रक्त पातळ करणारी गोळी घेत असेल तर काही अँटिबायोटिकने तिचा परिणाम वाढतो. ती गोळी मनाने बंद मात्र करू नका. २१ दिवसांचं इंजेक्शनही चालूच ठेवा, ते वेगळ्या कामासाठी आहे.

दाढ काढल्यानंतरच्या काही आठवड्यांत आईला कारण नसताना ताप येत राहिला, रात्री घाम आला, तर घरातली उरलेली अँटिबायोटिक देऊ नका. आधी ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का हे पाहणारी तपासणी करून घ्या. औषध पोटात गेलं की जंतू कल्चरमध्ये सापडत नाहीत आणि निदानाला उशीर होतो.