चेक परतला, दंड कापला: मेमो आणि स्टेटमेंट जुळतं का?

प्रश्न : मी दिलेला ४२,००० रुपयांचा चेक सही जुळत नाही म्हणून परत गेला. खात्यात लाखावर रक्कम होती. तरी बँकेने ५९० रुपये कापले. हे बरोबर आहे का? (सातारा)

दंड लावणं बरोबर आहे, रक्कम मात्र तपासायला हवी. सही न जुळणं ही खातेदाराच्या बाजूची चूक धरली जाते, त्यामुळे आकार लागू शकतो. किती लागावा हे रिझर्व्ह बँक ठरवत नाही, प्रत्येक बँक आपल्या दरपत्रकात जाहीर करते. बहुतेक दरपत्रकांत दोन ओळी असतात, एक पैसे नसल्यामुळे परतलेल्या चेकची आणि दुसरी इतर कारणांची. पहिली ओळ महाग असते.

आता स्टेटमेंट समोर घ्या. ५९० हा आकडा एकाच ओळीत असेल किंवा ५००, ४५ आणि ४५ असा तीन ओळींत असेल. म्हणजे मूळ आकार ५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. मग चेक परतल्याचं कारण लिहिलेली बँकेची चिठ्ठी, म्हणजे मेमो, पाहा. तिथे कारणाच्या मजकुराशेजारी दोन आकडी कोड असतो. ०१ म्हणजे अपुरी शिल्लक, १२ म्हणजे सही वेगळी. तुमच्या मेमोवर १२ असेल आणि दरपत्रकात इतर कारणांसाठी, समजा, ५० रुपये लिहिले असतील, तर जीएसटी धरून ५९ रुपये व्हायला हवे होते. म्हणजे ५३१ रुपये जास्त गेले. काही बँका सहीचं कारण महाग ओळीत घालतात, म्हणून दरपत्रकातली तळटीपसुद्धा वाचा. खरी गंमत तिथेच असते.

अर्ज तीन ओळींचा पुरे. मेमोची प्रत, कापलेल्या रकमेची ओळ आणि चेक परतला त्या दिवशी लागू असलेल्या दरपत्रकाचं पान जोडा. तोंडी सांगू नका, काउंटरवरचा माणूस ‘सिस्टीमने कापले’ म्हणतो आणि विषय तिथेच मिटतो. पोच किंवा तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या ओंबड्समनकडे विनाशुल्क तक्रार करता येते. आणि हो, शाखेत नमुना सही नव्याने देऊन या, नाहीतर पुढचा चेकही परतेल.

प्रश्न : माझं खातं गावातल्या छोट्या सहकारी बँकेत आहे. घरमालकाला दिलेला चेक परतला, कोड ७२. दोघांच्याही खात्यातून दंड गेला आणि घरमालक त्याचा दंड माझ्याकडे मागतोय. (जि. सांगली)

तुम्हीही देऊ नका, त्यांनीही सोसू नये. छोट्या बँका बऱ्याचदा क्लिअरिंगच्या, म्हणजे बँकांमधल्या चेकच्या देवाणघेवाणीच्या, थेट सदस्य नसतात. त्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत, म्हणजे प्रायोजक बँकेमार्फत, उपसदस्य म्हणून चेक वटवतात. त्यासाठी प्रायोजक बँकेत त्यांचं स्वतःचं खातं असतं आणि त्यात पुरेसे पैसे ठेवावे लागतात. ७२ या कोडचा अर्थ असा की त्या खात्यात पैसे कमी पडले. तुमच्या खात्यातल्या पैशांचा त्याच्याशी संबंधच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या २०१२ च्या सूचनेनुसार चेक परतल्याचा आकार ग्राहकाची चूक असेल तेव्हाच लावता येतो. ग्राहकाची चूक नसलेल्या कारणांची यादीही तिने दिली आहे. त्यात ७२ आहे, कनेक्टिव्हिटी तुटल्याचा ८४ आहे, चेक भलत्याच बँकेकडे गेल्याचं कारणही आहे. यादी नमुन्यादाखल आहे, म्हणजे त्यात नसलेलं कारणही बँकेच्या बाजूचं असू शकतं. शिवाय जे चेक पुन्हा लावण्यासारखे असतात, ते ज्या बँकेत भरले तिने ग्राहकाला खेटे न घालायला लावता लगेचच्या क्लिअरिंगमध्ये, सुट्या वगळून २४ तासांच्या आत, पुन्हा लावायचे असतात आणि तसं एसएमएस किंवा ईमेलने कळवायचं असतं.

घरमालकांना मेमो दाखवा आणि ज्याच्या त्याच्या बँकेकडे परतावा मागा. हाच कोड वरचेवर येऊ लागला, तर मात्र भाड्याचे चेक त्या खात्यातून द्यायचे का, याचा विचार करावा.

प्रश्न : स्टेटमेंटमध्ये त्या दिवशी ६८,००० शिल्लक दिसते. चेक ५५,००० चा. मेमोवर ‘अपुरी शिल्लक’. बँक खोटं बोलते का? (पुणे)

बहुधा नाही. ६८,००० ही दिवसअखेरची शिल्लक असेल. बँक पाहते ती चेक पुढ्यात आला त्या क्षणाची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेकच्या प्रतिमा दिवसभर सलग पाठवल्या जातात आणि तुमच्या बँकेला त्याच संध्याकाळी ७ पर्यंत होकार किंवा नकार द्यावा लागतो. ‘आज चेक दिला, पैसे उद्या भरू’ ही आपली जुनी सवय इथे अंगाशी येते. दुपारी दोनला नकार गेला आणि चारला पगार जमा झाला, तर स्टेटमेंट भरलेलं दिसतं आणि मेमोही खरा असतो.

बँकेकडून त्या दिवसाच्या व्यवहारांची वेळेसह यादी मागा. खात्यावर लिएन, म्हणजे अडकवून ठेवलेली रक्कम, होती का हेही विचारा. ती शिल्लकेत दिसते, पण वापरता येत नाही. दोन्ही तपासूनही पैसे मोकळे होते असं निघालं, तर प्रश्न दंडापुरता राहत नाही. पराक्रम्य संलेख अधिनियमाच्या कलम ३१ नुसार पुरेसे पैसे असताना रीतसर चेक नाकारणाऱ्या बँकेने खातेदाराचं नुकसान भरून द्यायचं असतं. दंड परत मागाच, शिवाय चूक बँकेची होती असं ज्याला चेक दिला त्याच्या नावे पत्र घ्या. व्यापारात त्या पत्राची किंमत ५९० रुपयांपेक्षा फार मोठी असते.

प्रश्न : मला मिळालेला चेक सही वेगळी म्हणून परतला. देणारा म्हणतो, ‘पैसे होते, त्यामुळे चेक न वटल्याच्या गुन्ह्याचं कलम १३८ लागत नाही.’ मेमोवर शिक्काही नाही. (नाशिक)

त्याचं म्हणणं पटवून घेऊ नका. सही न जुळल्याने परतलेला चेकही कलम १३८ खाली येऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये लक्ष्मी डायकेम प्रकरणात म्हटलं आहे. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत त्याला लेखी नोटीस जायला हवी. ती मिळाल्यावर पैसे द्यायला त्याला १५ दिवस असतात. तरीही दिले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात तक्रार दाखल करायची.

म्हणून मेमो आजच नीट करून घ्या. बँकेची अधिकृत खूण असलेला मेमो न्यायालय कलम १४६ खाली चेक परतल्याचा पुरावा म्हणून गृहीत धरतं, दुसऱ्या बाजूने खोटा ठरवेपर्यंत. चेक क्रमांक, रक्कम, तारीख आणि कारण चेकशी ताडून पाहा. एखादा आकडा चुकला असेल, तर दुरुस्त मेमो मागा, पण ३० दिवस मोजायचे ते पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासूनच. हल्ली क्लिअरिंगमध्ये फक्त प्रतिमा फिरते आणि मूळ चेक तुम्ही भरला त्याच बँकेत राहतो. तो मेमोसोबत ताब्यात घ्या.