सर्टिफिकेट संपलंय, दहावीची परीक्षा तोंडावर आलीय, आता काय?

प्रश्न: सर, आम्ही देवगड तालुक्यातले. मुलाला लहानपणापासून सेरेब्रल पाल्सी आहे, दोन्ही हातांनी लिहायला त्रास होतो, यंदा दहावीला आहे. त्याचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट 2020 साली काढलं, 55 टक्के, पण त्यावर ऑगस्ट 2025 पर्यंतच वैध असं लिहिलंय हे आम्हाला आता डिसेंबरमध्ये एसटीच्या कंडक्टरने दाखवलं. यूडीआयडी कार्ड आहे. शाळा म्हणते नवीन सर्टिफिकेट आणा तरच लेखनिक. झेरॉक्सवाला ओळखीचा आहे, तारीख बदलून देतो म्हणाला. रेल्वेचं कन्सेशन पण हवंय. काय करावं?

उत्तर: आधी झेरॉक्सवाल्याला नमस्कार करून बाहेर पडा. दिव्यांग हक्क कायदा 2016 चं कलम 91 सांगतं की खोटेपणाने सवलत घेतली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तुमच्या मुलाला तर खरोखर हक्क आहे, त्याने खोटा कागद वापरायचा म्हणजे हातातली केस स्वतःच घालवायची.

आता सर्टिफिकेट बाहेर काढा आणि खालच्या बाजूची एकच ओळ वाचा. त्यात फेरतपासणीबद्दल दोन पर्याय छापलेले असतात, एक म्हणजे फेरतपासणीची गरज नाही, दुसरा म्हणजे इतक्या वर्षांनी फेरतपासणी करावी आणि म्हणून हे प्रमाणपत्र अमुक तारखेपर्यंत वैध. तुमच्याकडे दुसरा पर्याय भरलाय. टक्के किती, शिक्का कोणाचा, हे सगळे बघतात, ही ओळ कोणी वाचत नाही, तुम्हीही पाच वर्षं वाचली नाही. बरं झालं कंडक्टरने तरी वाचली, नाहीतर कळायला फेब्रुवारी उजाडला असता. यूडीआयडी कार्डावरही वैधतेची तारीख असते, त्यामुळे कार्ड आहे म्हणजे झालं असं नाही.

तारीख संपली की अपंगत्व संपत नाही, पण पुरावा संपतो, आणि ऑफिसला पुरावाच लागतो. म्हणून आजच्या आज swavlambancard.gov.in वर रिन्यूअलचा अर्ज टाका. नवीन अर्ज नव्हे, रिन्यूअल, जुना यूडीआयडी नंबर घालून. बरेच लोक घाईत पहिल्यापासून नवा अर्ज भरतात, मग एकाच आधारवर दोन नोंदी दिसतात आणि अर्ज अडकून बसतो. 2024 च्या नियमदुरुस्तीनंतर सर्टिफिकेट द्यायची मुदत तीन महिने झालीय, आधी एक महिना होती. तुम्ही आज डिसेंबरमध्ये अर्ज केला तर ते कायद्याने मार्चपर्यंत थांबू शकतात आणि तोवर दहावीचे पेपर संपत आलेले असतील. तुमचं सगळं या तीन महिन्यांवर अडकलंय. त्यामुळे नुसता ऑनलाइन अर्ज करून घरी बसू नका, त्याची प्रिंट, शाळेचं बोनाफाइड आणि बोर्डाचं वेळापत्रक जोडून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे लेखी विनंती द्या की परीक्षा अमुक तारखेला आहे, तपासणी आधी घ्या. पोच घ्या, पोचेवर शिक्का आणि तारीख घ्या. तोंडी सांगितलेलं कोर्टात चालत नाही आणि क्लार्क बदलला की आठवतही नाही. रुग्णालयातलं मेडिकल बोर्ड कुठल्या वारी बसतं ते आधी विचारून जा, देवगडहून ओरोसची फुकट फेरी नको. तपासणी झाल्यावर पोर्टलवरून ई-सर्टिफिकेट डाउनलोड करता येतं, प्लास्टिकचं कार्ड पोस्टाने येईल तेव्हा येईल, त्याची वाट बघायची नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरांना एक गोष्ट नक्की विचारा. सेरेब्रल पाल्सी हा वाढत जाणारा आजार नाही, तेव्हा कायमस्वरूपी देता येईल का? नियम म्हणतो की बदलाची शक्यता नसेल तर कायमचं, असेल तर मुदतीचं. वाढत्या वयाच्या मुलाला डॉक्टर पुन्हा मुदतीचं देऊ शकतात, त्यावर मी हमी देणार नाही. पण न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा पाच वर्षंच असतं. निर्णय पटला नाही तर कलम 59 खाली अपील आहे.

शाळेचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. परीक्षा केंद्रावर चालतो तो विभागीय मंडळाचा परवानगीचा कागद, तुमचा विभाग कोकण, ऑफिस रत्नागिरीला, आणि त्यांच्याकडे प्रस्ताव मुख्याध्यापकांनीच पाठवायचा असतो. नवीन सर्टिफिकेट येईपर्यंत शाळा प्रस्ताव दाबून बसली तर मुदत निघून जाईल. म्हणून मुख्याध्यापकांना लेखी द्या की जुनं सर्टिफिकेट, रिन्यूअलची पावती आणि ओरोसची पोच जोडून प्रस्ताव आत्ताच पाठवा, नवीन आल्यावर पुरवणी देऊ. मंडळ पावतीवर परवानगी देईलच असं मी सांगू शकत नाही, पावती म्हणजे सर्टिफिकेट असं कुठेही लिहिलेलं नाही. पण पत्रात कलम 17 चा उल्लेख करा. त्यात दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी जादा वेळ आणि लेखनिक यांची सोय करायला सांगितलंय आणि तिथे 40 टक्क्यांची अट घातलेली नाही. परवानगी मिळाली की प्रत्येक तासाला 20 मिनिटं जादा, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या गणिताला 40 मिनिटं. लेखनिक खालच्या इयत्तेतला हवा, नववीतला चालेल, तो आत्ताच ठरवा.

मंडळाने नाहीच म्हटलं तर पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते, पण तिथली तारीख परीक्षेच्या आधी लागेल यावर भिस्त ठेवू नका. हायकोर्टात जायचं तर सिंधुदुर्गाला आता कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायला नको, पण परीक्षेच्या चार दिवस आधी गेलात तर पहिला प्रश्न हाच येईल की अर्ज कधी केला होता. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून पोचा लागतात.

प्रवासाचं थोडक्यात. एसटीची 75 टक्के सवलत 40 टक्क्यांच्या वरच्यांना आहे, नवीन सर्टिफिकेट येईपर्यंत पूर्ण तिकीट काढा, कंडक्टरशी भांडू नका. रेल्वेचं मात्र वेगळंच आहे. तुमचं सर्टिफिकेट उद्या कायमचं झालं तरी कणकवलीच्या खिडकीवर त्याने कन्सेशन मिळणार नाही, रेल्वेचा स्वतःचा छापील नमुना आहे, तो सरकारी डॉक्टरांनी भरायचा आणि त्यात मुलगा सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही हे लिहिलेलं हवं. ते वाक्य नसेल तर 55 टक्के काय, 85 टक्के असले तरी उपयोग नाही. असेल तर स्लीपर आणि थ्री एसीला 75 टक्के सूट, सोबत्यालाही तेवढीच. आणि त्याची मुदत तुमच्या अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर चालत नाही, कायमचं अपंगत्व असलं तरी 25 वर्षांपर्यंतच्या मुलाला तो नमुना पाच वर्षंच चालतो, 26 ते 35 ला दहा वर्षं, त्यापुढे आयुष्यभर. तर ओरोसला जाल तेव्हा रेल्वेचा कोरा नमुना प्रिंट करून सोबत न्या, एकाच फेरीत दोन्ही होतील. नंतर divyangjanid.indianrail.gov.in वर फोटो कार्डाचा अर्ज करा, तिकीट ऑनलाइन काढायला ते लागतं.

दोन्ही कागदांच्या तारखा वेगवेगळ्या येतील, त्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि संपायच्या सहा महिने आधी अर्ज करा.