बेरीज जुळली म्हणजे कोष्टक बरोबर, असं नाही

प्रश्न: रग्बी लीगच्या कोष्टकात विजय, बरोबरी आणि बोनस गुण धरून प्रत्येक संघाची बेरीज बरोबर आहे का, हे कसं तपासायचं? प्रत्येक ओळ पुन्हा पुन्हा मोजायचा कंटाळा येतो.

ओळी पुन्हा मोजू नका. ज्या डोक्याने चूक केली तेच डोकं दुसऱ्यांदाही तीच चूक करतं. हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण एकदा माझ्या डोळ्यांदेखत एक संघ अंतिम सामन्याबाहेर गेला होता.

चार संघांची छोटी लीग होती, प्रत्येकाचे तीन सामने, एकूण सहा. विजयाला 4, बरोबरीला 2, हरल्यास 0. चार किंवा अधिक ट्राय केले तर 1 बोनस, आणि सात किंवा त्याहून कमी गुणांच्या फरकाने हरलं तर 1. संघांची नावं रंगांवरून ठेवली होती. लाल दोन जिंकला, एक हरला, बोनस 2. निळा एक जिंकला, एक बरोबरीत, एक हरला, बोनस 2. हिरवा एक जिंकला, दोन हरला, पण बोनस 3. पिवळा एक जिंकला, एक बरोबरीत, एक हरला, बोनस शून्य.

कोष्टक ज्यांच्याकडे होतं ते गृहस्थ आयुष्यभर फुटबॉलचे. हात आपोआप बरोबरीला 1 लिहून गेला. त्यांच्या कागदावर लाल 10, निळा 7, हिरवा 7, पिवळा 5. निळा-हिरवा समान, मग गुणफरक पाहिला, त्यात हिरवा पुढे. लाल आणि हिरवा अंतिम सामन्यात. जाहीरही झालं.

मी म्हटलं, साहेब, सगळ्यांचे गुण एकत्र करा. 29 आले. त्यातून बोनस 7 वजा करा. 22 उरले. या 4-2-0 पद्धतीत निकाल काहीही लागो, बोनस सोडून सामन्यामागे चारच गुण वाटले जातात: एकाला 4 नाही तर दोघांना दोन-दोन. सहा सामन्यांचे 24 हवेत, दोन गुण कुठे गेले? दोन कमी म्हटल्यावर मला लगेच कळलं, कारण एका बरोबरीत दोन्ही संघांचा एकेक गुण गेला की नेमके दोनच जातात. खरा हिशोब असा: निळा 4 + 2 + 2 म्हणजे 8, पिवळा 4 + 2 म्हणजे 6. अंतिम सामना निळ्याचा होता. यावर उत्तर काय मिळालं? "मी प्रत्येक ओळ तीन वेळा मोजलीय." मोजली असेल! तिन्ही वेळा बरोबरीला 1 धरूनच.

शीटमध्ये ठेवत असाल तर B विजय, C बरोबरी, D पराभव, E बोनस, F बेरीज असं ठेवा. पहिली ओळ F2 मधली, ती F5 पर्यंत खाली ओढा; दुसरी कुठल्याही मोकळ्या घरात:

```
=4*B2+2*C2+E2
=SUM(F2:F5)-SUM(E2:E5)=2*SUM(B2:D5)
```

दुसरीत TRUE यायला हवं. प्रत्येक सामना दोन संघांच्या ओळीत मोजला जातो, म्हणून चारऐवजी दोनाने गुणायचं. सूत्राआधी दोन गोष्टी नुसत्या डोळ्यांनी पाहून घ्या. सगळ्यांच्या विजयांची बेरीज आणि सगळ्यांच्या पराभवांची बेरीज सारखी हवी, आणि बरोबरीच्या रकान्याची बेरीज सम हवी. कुणीतरी एकटाच बरोबरीत सुटलाय असं दिसलं तर पुढे मोजण्यात अर्थच नाही.

आता पडती बाजूही सांगतो. हा ताळा बोनस पकडत नाही. निळ्याचा बोनस चुकून हिरव्याला लिहिला तर निळा 7, हिरवा 8 होईल आणि ताळा तरीही जुळेल, कारण आपण बोनस वजाच करून टाकतो. बोनससाठी सामन्याची पत्रकं काढून ट्राय आणि शेवटचा फरक पाहावाच लागतो. कोष्टकातून एवढंच कळतं की निसटत्या पराभवाचे बोनस पराभवांपेक्षा जास्त असू शकत नाहीत. बरोबरीत तर हा बोनस मिळतच नाही. आणि हो, लीगगणिक बोनसचे नियम बदलतात, आधी तुमचे वाचा. फुटबॉलच्या 3-1-0 पद्धतीत वाटप ठरलेलं नसतं, निकाली सामन्यात 3 आणि बरोबरीत 2 जातात, म्हणून तिथे एकूण गुण म्हणजे सामन्यांची तिप्पट वजा बरोबरीत सुटलेले सामने. एखाद्या संघाचे गुण शिक्षा म्हणून कापले असतील तर ते वेगळ्या रकान्यात ठेवा, नाहीतर ताळा उगाच बोंब मारेल.

आमच्या लीगचा अंतिम सामना लाल आणि हिरव्यातच झाला. "जाहीर झालेलं बदलत नाही," म्हणाले. निळ्याचा कर्णधार अजून भेटला की आधी 24 वजा 22 किती ते विचारतो.