ओळ दाखव, मगच मेल पाठव

अगं, तुझा ड्राफ्ट वाचला. "सप्टेंबरमध्ये माझ्या पगारातून 1,200 रुपये प्रोफेशनल टॅक्स कापला, हे काय चाललंय" असा मेल तू पेरोलला पाठवणार होतीस ना? बरं झालं आधी मला दाखवलास. तो पाठवू नकोस. चूक आहे, तुझी तक्रार शंभर टक्के खरी आहे, पण मेलमधला आकडा चुकीचाय, आणि एकदा का चुकीचा आकडा गेला की समोरचा माणूस त्यालाच उत्तर देतो आणि फाइल बंद करतो. मी इतकी वर्षं पेरोलच्या खुर्चीत काढली, असे मेल रोज यायचे, म्हणून सांगतोय.

1,200 आले कुठून ते बघ. तू सहा महिन्यांच्या पीडीएफ त्या ॲपमध्ये टाकून एक्सेल काढलीस. स्लिपवर कपातीच्या बाजूला दोन कॉलम आहेत, एक त्या महिन्याचा, एक एप्रिलपासूनच्या बेरजेचा. लेबर वेलफेअर फंडाची ओळ जून आणि डिसेंबर सोडले तर रिकामी असते, कारण तो आपल्याकडे त्या दोनच महिन्यांत कापतात. आता अशी रिकामी जागा आली की टेबल बाहेर काढताना आकडे सरकतात, तसे ते सप्टेंबरला सरकले आणि बेरजेचा 1,200 महिन्याच्या रकान्यात येऊन बसला. स्लिप उघडून नुसती डोळ्यांनी बघ, तिथे प्रोफेशनल टॅक्सच्या, म्हणजे पीटीच्या ओळीत 200 लिहिलंय. एवढंच कर गं, स्लिपवरची ओळ बघ, एक्सेल नंतर.

आणि डोळ्यांवर विश्वास नसेल तर बँक बघ. तुझं बेसिक 14,000, एचआरए 5,600, स्पेशल अलाउन्स 4,900, म्हणजे ग्रॉस 24,500. पीएफ बेसिकच्या 12 टक्के म्हणजे 1,680. त्यात पीटीचे 200 मिळवले की कपात 1,880, हातात 22,620. तुझ्या खात्यात सप्टेंबरचे किती आले? 22,620. 1,200 कापले असते तर 21,620 आले असते. म्हणजे प्रश्न 200 चाच आहे.

पण तो 200 सुद्धा कापायला नको होता! महाराष्ट्रात 1 एप्रिल 2023 पासून बाईचा महिन्याचा पगार 25,000 पर्यंत असेल तर प्रोफेशनल टॅक्स शून्य. पुरुषांना 10,000 च्या वर गेलं की 200, फेब्रुवारीत 300. तुला पुरुषांचा स्लॅब लागलाय. बहुतेक वेळा याचं कारण एकच निघतं, जॉइनिंगच्या वेळी सगळ्यांचा डेटा एकदम अपलोड करतात त्यात जेंडरचा रकाना रिकामा किंवा चुकीचा जातो आणि सॉफ्टवेअर आपलं पुरुष धरून चालतं. पोर्टलवर तुझं प्रोफाइल उघडून बघ तिथे काय दिसतंय. चुकीचं असेल तर स्क्रीनशॉट घे. बरोबर असेल तर मग स्लॅबच जुना राहिलाय, आणि तुझ्यासारख्या बाकीच्या मुलींचेही पैसे जातायत, त्यांनाही स्लिपा उघडायला सांग.

आता दुसरी गोष्ट, इथे तू घाई केलीस. तू लिहिलंयस "सहाही महिन्यांचे परत करा". ऑगस्टची स्लिप नीट बघितलीस का? त्यात 2,000 इन्सेन्टिव्ह आहे, ग्रॉस 26,500. पीटी त्या त्या महिन्याच्या पगारावर लागतो, वर्षाच्या सरासरीवर नाही, म्हणून ऑगस्टचे 200 बरोबर आहेत. तुझे चुकीचे महिने पाच, एप्रिल ते जुलै आणि सप्टेंबर, एकूण 1,000 रुपये. सहा लिहिलेस तर पेरोलवाला ऑगस्ट दाखवून म्हणेल की मॅडम कपात बरोबर आहे, आणि बाकीचे पाच तसेच राहतील. प्रत्येक महिन्याची ओळ वेगळी बघायची, वेगळी दाखवायची.

मेल छोटा ठेव. एम्प्लॉयी कोड, पाच महिन्यांची नावं, प्रत्येकाचा ग्रॉस 24,500, पीटीच्या ओळीत कापलेले 200, लागू असलेला पीटी शून्य, कारण महिला कर्मचारी आणि पगार 25,000 च्या आत. सोबत मूळ पीडीएफ जोड, तुझी एक्सेल अजिबात नको. मागण्या दोनच, पाच महिन्यांच्या दुरुस्त पेस्लिप आणि 1,000 रुपये परत. "मला खूप मनस्ताप झाला" वगैरे काढून टाक, झालाय मला माहितीय, पण त्या वाक्याचा पेरोलला उपयोग नाही.

ते लगेच म्हणतील, "पुढच्या महिन्यात ॲडजस्ट करतो." इथे मात्र घट्ट राहा. ॲडजस्ट म्हणजे कुठल्या ओळीत, ते विचार. ऑक्टोबरच्या स्लिपवर त्यांनी 1,000 रुपये कमाईच्या बाजूला "अदर अर्निंग" म्हणून टाकले तर तुझा ग्रॉस होतो 25,500, मर्यादा ओलांडली, सॉफ्टवेअर पुन्हा 200 पीटी कापणार आणि तुझ्या हातात 800 च येणार. हे मी प्रत्यक्ष बघितलंय, आणि कापणाऱ्याला कळतही नाही. परतावा पीटीच्याच ओळीत वजा 1,000 असा आला पाहिजे. मग ग्रॉस 24,500 च राहतो, हातात येतात 23,820. ज्या ओळीत चूक, त्याच ओळीत दुरुस्ती. मला ऑफिसात लोक किरकिऱ्या म्हणायचे याच्यावरून, म्हणू देत, माझ्या टेबलावरून गेलेली दुरुस्ती दोन वर्षांनी काढली तरी कुणालाही विचारल्याशिवाय समजायची, आणि मी आजही तसंच करेन.

ते म्हणतील पैसे सरकारकडे भरून झाले. ते कंपनीने भरलेत, कंपनीच्या रिटर्नमध्ये, तिथे कसं सांभाळायचं ते कंपनीने बघावं, तुझ्या दुरुस्तीशी त्याचा संबंध नाही. किंवा म्हणतील महिना लॉक झालाय, जुनी स्लिप निघत नाही. खरंच काही सॉफ्टवेअरमध्ये निघत नाही, तेव्हा वजा 1,000 ची ओळ आणि कुठल्या पाच महिन्यांचे ते सांगणारा मेल घे, चालेल. पण आधी विचारल्याशिवाय सोडू नकोस गं, तुझ्या पिढीला "जाऊ दे ना 200 रुपयांसाठी" फार पटकन सुचतं! फेब्रुवारीत तेच 300 होतील.

दुरुस्त स्लिप मिळाली तर त्यावर रिवाइज्ड लिहिलेलं हवं. सप्टेंबरच्या नव्या स्लिपवर निव्वळ पगार 22,820 दिसेल, खात्यात मात्र 22,620 आलेत. उद्या लोनसाठी बँक दोन्ही शेजारी ठेवून विचारेल की 200 चा फरक कसला. म्हणून परताव्याचा मेल आणि जुनी स्लिप दोन्ही जपून ठेव, जुनी डिलीट करू नकोस.

त्या महिन्याच्या पगारातल्या बदलांचे इनपुट साधारण वीस-बावीस तारखेला बंद होतात, तुमच्याकडची तारीख विचारून घे आणि मेल त्याच्या आधी जाऊ दे, नाहीतर सगळं एक महिना पुढे. नवा ड्राफ्ट आज रात्री पाठव, मी जागा आहे. आणि त्यासोबत ऑगस्टची स्लिप पण जोड, मला ती इन्सेन्टिव्हची ओळ एकदा स्वतः बघायचीय.

तुझा काका