ड्रायव्हरकाकांचा शेवटचा हिशोब

"नऊ वर्षं आमच्याकडे असलेल्या ड्रायव्हरकाकांना आता थांबवायचंय. गाडीच विकतोय. त्यांची चूक काहीच नाही, म्हणून सांगायचं जिवावर येतं. त्यांच्याकडे थोडा अ‍ॅडव्हान्सही बाकी आहे. तो सोडून दिला आणि वर पाकिटात काही रक्कम घालून दिली, तर चालेल ना?"

असं विचारणाऱ्या ताईंना मी पहिल्याच भेटीत म्हटलं, पाकीट नको. का ते सांगण्याआधी त्यांनी फोनमध्ये दाखवलेल्या यादीबद्दल सांगते. (त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत.) काका कोणत्या दिवशी किती मिनिटं उशिरा आले, मागच्या बंपरवर ओरखडा कधी पडला, वळण कुठे चुकलं, असं सगळं त्यात टिपलेलं होतं. नऊ वर्षांत अशी यादी कधी केली नव्हती. ही दीड महिन्यातली होती, म्हणजे गाडी विकायचं ठरल्यानंतरची. "हे कशासाठी लिहिलंत?" असं विचारल्यावर त्या जरा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "काही कारण असलं की सांगायला सोपं जातं."

आपल्याला अपराधी वाटायला लागलं की आपण समोरच्याचे अपराध शोधायला लागतो. पण गाडी विकतोय हे कारण खरं आहे आणि पुरेसंही आहे. त्याला उशिराची जोड दिली, की काका ती गोष्ट आयुष्यभर डोक्यात घेऊन फिरणार. यादी त्यांनी माझ्यासमोरच पुसली. ओरखड्याचे पैसे कापायचा विचारही तिथेच सुटला. रोजच्या कामात होणारी किरकोळ झीज पगारातून वसूल करायची नसते.

त्यांचा बेत असा होता, की एका संध्याकाळी सांगायचं, महिन्याचा पगार जास्तीचा द्यायचा आणि त्याच दिवशी निरोप द्यायचा. रडारड नको म्हणून. पैशांच्या दृष्टीने यात गैर नाही. पण हातात नोकरी असताना दुसरी शोधणं आणि घरी बसून शोधणं यांत फार फरक पडतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्याच्यासोबतच्या २०१ क्रमांकाच्या शिफारशीत मालकाच्या घरीच राहणाऱ्या कामगाराला वाजवी मुदतीची नोटीस आणि त्या काळात नवं काम, नवी जागा शोधायला मोकळा वेळ द्यावा, असं म्हटलंय. काका त्यांच्याकडे राहत नव्हते, पण वेळ देण्याची कल्पना आम्ही तिथूनच उचलली. तुमच्या भागातला कायदा किंवा तुमचा लेखी करार जास्त मुदत सांगत असेल, तर अर्थात तीच पाळायची. इथे ठरलं ते असं: २० तारखेला सांगायचं, शेवटचा दिवस पुढच्या महिन्याची १९ तारीख, आणि मधल्या काळात आठवड्यातल्या दोन दुपारी काकांना पगारी मोकळीक.

सांगायची वाक्यं आम्ही चारच ठरवली. गाडी विकतोय. तुमचं काम १९ तारखेपर्यंत आहे. हिशोब आपण दोघं बसून करू. नव्या ठिकाणी माझा नंबर द्या. सांगताना नवरा-बायको दोघंही समोर हवीत, नाहीतर "साहेबांना माहीत आहे का?" हा प्रश्न येतोच. तसा तो आला नाही. काकांनी दुसरंच विचारलं, "माझं काही चुकलं का, ताई?" "नाही" एवढंच उत्तर द्यायचं, हे आम्ही आधी बोललो होतो. पुढे "पण" लावायचं नाही.

आता हिशोब. मी तो पैशांत न मांडता दिवसांत मांडायला सांगते. महिन्याचा पगार म्हणजे २६ कामाचे दिवस धरले, की दोन्ही बाजूंना एकच भाषा मिळते आणि मोठ्या आकड्यांची भीती जाते. शेवटच्या महिन्याचे कामाचे दिवस १६. ठरलेल्या पगारी रजांपैकी न घेतलेल्या ७. राहिली ती साप्ताहिक सुट्टीला काम केल्याची थकबाकी, आणि ड्रायव्हरच्या हिशोबात वाद होतो तो नेमका इथेच. "पुढे बघू" म्हणून ती कुणी लिहूनच ठेवत नाही. ताईंना असे दोन दिवस आठवत होते. काकांच्या छोट्या वहीत सहा होते. वाद घालण्याऐवजी दोघांनी फोनवरचे जुने निरोप काढले. "उद्या पहाटे पाचला विमानतळ" अशा निरोपांवरून पाच दिवसांचा मेळ लागला. सहावा दिवस काकांनी स्वतःच सोडला, त्या दिवशी ते एका लग्नाला गेले होते. १६, ७ आणि ५ मिळून २८ दिवस झाले.

अ‍ॅडव्हान्स घेतला होता दोन महिन्यांच्या पगाराइतका, म्हणजे ५२ दिवस. दरमहा ४ दिवसांप्रमाणे आठ महिने कापून ३२ फिटले होते, २० उरले होते. २८ मधून ते वजा केले तर हातात ८ दिवसांचा पगार. ताई एकदम म्हणाल्या, "नऊ वर्षांनंतर आठ दिवस? शी!" म्हणूनच त्यांना अ‍ॅडव्हान्स माफ करायचा होता. मी म्हटलं, द्यायचंच असेल तर त्याला स्वतःची ओळ द्या, वजावटीत लपवू नका. अनेक कंपन्यांत प्रत्येक सेवावर्षामागे १५ दिवसांचा पगार ग्रॅच्युइटी म्हणून देतात. कायदा घरच्या नोकरीला ते लागू करत नसला, तरी मोजपट्टी म्हणून ती चांगली आहे. त्यांना वर्षाला १० दिवस झेपत होते, म्हणजे ९० दिवस. २८ अधिक ९०, वजा २०, एकूण ९८ दिवस.

पाकीट का नको, ते इथे दिसतं. एकरकमी पैसे हातात पडले, की त्यात घामाचे किती आणि मायेचे किती हे घेणाऱ्याला कळत नाही. मग कमी पडलेलं मागायलाही तोंड राहत नाही.

कागदाच्या दोन प्रती केल्या, एक काकांची. प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत, काकांना वाचता येईल अशा भाषेत, आणि ताईंनी ती मोठ्याने वाचूनही दाखवली. पैसे आधी खात्यात, सही नंतर. कोऱ्या कागदावर सही कधीच घेऊ नका. अनुभवाचं पत्र शेवटच्या दिवसाची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात दिलं, कारण नवी माणसं ते आधी मागतात. परवान्याची प्रत आणि ओळखपत्राच्या झेरॉक्स परत केल्या. घराची किल्ली मात्र १९ तारखेलाच मागायची, असं मी बजावलं होतं. दुसऱ्या एका घरात शेवटच्या दिवशी सकाळीच गेटवरच्या यादीतून नाव काढलं गेलं होतं आणि रोज सलाम करणाऱ्या वॉचमननेच त्या माणसाला अडवलं. पगार चोख मिळूनही तो माणूस दुखावूनच गेला.

१९ तारखेला काकांनी किल्ली ठेवली, कागद वाचला, पुन्हा वाचला आणि खिशातून वही काढली. "ताई, मागच्या रविवारी गाडी दाखवायला मी त्या गिऱ्हाइकाकडे गेलो होतो. तो धरला नाहीत." ताईंनी दोन्ही प्रतींवर पाचाचे सहा केले, ९८ चे ९९ केले, बाजूला दोघांनी सह्या केल्या, आणि राहिलेल्या एका दिवसाचे पैसे काका तिथे बसलेले असतानाच खात्यात पाठवले.