नोटिफिकेशन आणि डेली रिवॉर्ड वापरून खेळाडू परत कसे आणायचे, त्यांना वैताग न देता?

प्रश्न: आमचा हॉटेल चालवायचा छोटा मोबाईल गेम आहे. दोन-तीन दिवसांनी लोक येणं बंद करतात. रोज संध्याकाळी नोटिफिकेशन पाठवायला लागलो, तर बऱ्याच जणांनी ती बंदच करून टाकली. सात दिवसांचा डेली रिवॉर्ड आहे, तरी फरक नाही. काय बदलू?

उत्तर:

सगळ्यांना एकाच वेळी जाणारं संध्याकाळचं नोटिफिकेशन आधी थांबवा. खेळाडूने गेममध्ये स्वतः काही सुरू करून ठेवलं असेल आणि ते तयार झालं असेल, तर तेवढंच कळवा. ‘आम्हाला तुमची आठवण येते’ हे वाचून कोणी गेम उघडत नाही. ‘तर्री तयार आहे, तीन टेबलं भरलीत’ हे वाचून उघडतात, कारण ती तर्री त्यांनीच शेगडीवर चढवलेली असते.

आता वेळेचं बघू. समजा तुमच्याकडे ३० एनर्जी आहे आणि दर ८ मिनिटांनी एक भरते, म्हणजे रिकामी एनर्जी भरायला चार तास लागतात. रात्री पावणेदहाला एखाद्याने सगळी संपवली, तर ती पावणेदोनला भरेल. बहुतेक गेम त्याच क्षणी नोटिफिकेशन टाकतात आणि झोपमोड झालेला माणूस ते कायमचं बंद करतो. त्यामुळे रात्री दहा ते सकाळी आठ काहीच पाठवायचं नाही. त्या वेळेत येणारं नोटिफिकेशन पुढे ढकला, तेही आठच्या ठोक्याला नाही, तर तो खेळाडू एरवी ज्या सुमाराला खेळतो तेव्हा. शेवटच्या काही सेशनची वेळ फोनवरच साठवली तरी हे जमतं. उलट बाजूही आहे. कोणी पाचच एनर्जी वापरून गेम बंद केला, तर ती ४० मिनिटांत भरेल. त्याने फोन नुकताच खाली ठेवलाय, त्याला हाक मारू नका. गेम बंद केल्यापासून निदान तीन तास जाऊ द्या आणि दिवसात एकापेक्षा जास्त पाठवू नका.

यासाठी सर्व्हरही लागत नाही, लोकल नोटिफिकेशन पुरतं. खेळाडू बाहेर पडताना ते लावायचं आणि परत आला की जुनं सगळं रद्द करायचं. युनिटीत अँड्रॉइडसाठी साधारण असं:

```csharp
void OnApplicationPause(bool paused) {
    AndroidNotificationCenter.CancelAllNotifications();
    if (paused) ScheduleReminder();
}
```

रद्द करायची ओळ विसरली, तर माणूस गेम खेळत असतानाच ‘या ना परत’ असं वर येतं. काही फोन बॅटरी वाचवायला मागचं अ‍ॅप पूर्ण बंद करतात, तिथे लोकल नोटिफिकेशन येणारच नाही. ते मान्य करा, त्यावर आडमार्ग शोधत बसू नका.

प्रतिसाद मिळत नसेल तर थांबणंही आधीच ठरवून ठेवा. पहिल्या दिवशी एक, तिसऱ्या दिवशी एक, सातव्या दिवशी एक, आणि तिन्हींना उत्तर नाही आलं तर बंद. पुढे कधी मोठं नवं हॉटेल आलं तर एकदा सांगा. अँड्रॉइड ८ पासून नोटिफिकेशनचे वेगवेगळे चॅनल करता येतात. ‘स्वयंपाक तयार’ आणि ‘नवीन काय’ हे दोन वेगळे ठेवा, म्हणजे दुसऱ्याला कंटाळलेला माणूस पहिलंही बंद करणार नाही.

परवानगी तुम्ही कधी मागता ते प्रश्नात नाही, पण बहुतेक जण गेम उघडल्याउघडल्या मागतात. अँड्रॉइड १३ पासून तिथेही परवानगी मागावीच लागते. दोनदा नकार दिला की सिस्टिमची चौकट पुन्हा येत नाही. आयफोनवर तर एकाच नकारात दार बंद होतं, मग सेटिंगमध्ये जाऊनच ती चालू करावी लागते. म्हणून खेळाडूने पहिल्यांदा वेळखाऊ पदार्थ चढवला की तुमच्याच गेममधल्या चौकटीत विचारा, ‘झालं की कळवू का?’ तो ‘नको’ म्हणाला, तर सिस्टिमची चौकट उघडूच नका. संधी शाबूत राहते.

आता डेली रिवॉर्ड. तुमचा सात दिवसांचा क्रम एक दिवस चुकला की पहिल्यावर येतो का? येत असेल तर गळतीचं एक मोठं कारण तिथेच असण्याची शक्यता आहे. पाच दिवस येऊन सहाव्या दिवशी गावी गेलेला माणूस परतल्यावर ‘दिवस १’ बघतो, आणि ज्याला आपण परत आणतोय त्यालाच शिक्षा होते. क्रम थांबू द्या, मोडू नका. सहावा दिवस चुकला, तर पुढे कधीही आल्यावर सहावंच बक्षीस मिळावं. सलग येण्याचं कौतुक करायचंच असेल तर वर छोटा बोनस ठेवा.

दिवस कधी बदलतो हेही तपासा. सर्व्हरचा दिवस यूटीसीप्रमाणे बदलत असेल, तर भारतात तो पहाटे साडेपाचला बदलतो. रात्री साडेबाराला खेळणाऱ्याला वाटतं नवा दिवस लागला, गेम म्हणतो बक्षीस घेऊन झालंय. आणि ‘मागच्या बक्षिसानंतर २४ तास’ असा नियम असेल, तर घेण्याची वेळ रोज थोडी पुढे सरकत जाते आणि शेवटी त्याच्या खेळायच्या वेळेबाहेर पडते. दिवस खेळाडूच्या स्थानिक पहाटे चार-पाचला बदला, पण घड्याळ सर्व्हरचं वापरा. नाहीतर फोनची तारीख पुढे करून लोक सातही बक्षिसं एका बैठकीत उचलतील.

बक्षीस काय द्यायचं हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. नुसती नाणी ओतली, तर लोक येतात, घेतात, जातात. हे ओळखायला सोपं आहे: बक्षीस घेतल्यावर मिनिटभरात, एकही लेव्हल न खेळता संपणारी सेशन मोजा. ती वाढत असतील, तर तुम्ही हजेरी विकत घेताय. अशा वेळी लगेच वापरता येईल असं काही द्या, जसं आजच्या पहिल्या लेव्हलला एक जादा वाढपी. आणि बक्षिसाची खिडकी गेम उघडताच तोंडावर टाकू नका, पहिली लेव्हल संपल्यावर दाखवा. ऑफर, बातमी, बक्षीस अशा तीन खिडक्या बंद करून मग खेळायचं, हाही त्रासच आहे.

फरक पडतोय का हे बघताना किती जणांनी नोटिफिकेशनवर टॅप केलं यावर जाऊ नका. त्यातले बरेच जण तसेही आले असते. नव्या खेळाडूंपैकी १० टक्क्यांना काहीच पाठवू नका आणि सातव्या दिवशी दोन्ही गटांतले किती टक्के परत आले ते ताडून बघा. सोबत नोटिफिकेशन बंद करणारे आणि अ‍ॅप काढून टाकणारेही मोजा. मात्र छोट्या गेमला इथे एक मर्यादा आहे. समजा रोज २०० नवे खेळाडू येतात, तर महिन्याला काहीच न पाठवलेल्या गटात ६०० जण होतील. सातव्या दिवसाचा आकडा १० टक्क्यांच्या आसपास असेल, तर अडीच टक्के गुणांपेक्षा कमी फरक निव्वळ योगायोगानेही दिसू शकतो. तेव्हा मजकुरातला एखादा शब्द बदलून तुलना करण्यात वेळ घालवू नका. आधी क्रम मोडणं बंद करा आणि रात्रीची नोटिफिकेशन थांबवा, मग दोन महिन्यांचे आकडे एकत्र घेऊन बघा.